नव्या माणसाची यादी: चार वर्षांचा मागोवा

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या कचेरीत आम्ही पाच जण दातांचे दवाखाने, क्लासेस आणि छोट्या कारखान्यांच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळतो. नवीन माणूस आला की त्याच्या हाती देतो ती यादी चार वर्षांत तीनदा नव्याने लिहिली. दर वेळी कारण एखादी चूकच होती.

पहिली यादी म्हणजे नुसते पासवर्ड होते. सगळे एकाच लॉगिनने काम करत. ओटीपी माझ्या मोबाइलवर यायचा आणि मी लोकलमध्ये असले की नवा मुलगा तासभर ताटकळायचा. शिवाय जाहिरातीत कोणी काय बदललं, हे शोधायला गेलं की बदलांच्या नोंदीत प्रत्येक ठिकाणी एकच नाव दिसायचं.

म्हणून दुसऱ्या यादीत प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या ईमेलवर प्रवेश द्यायचं ठरवलं. गूगल अ‍ॅड्समध्ये आधी `Read only` आणि काम जमलं की `Standard`. `Admin` मात्र नव्या माणसाला नाही. गूगल बिझनेस प्रोफाइलचं आमंत्रण पहिल्याच सकाळी पाठवतो, कारण तिथे नव्या व्यवस्थापकाला काही गोष्टी सात दिवस करता येत नाहीत. आमंत्रण उशिरा गेलं की तो आठवडाही पुढे सरकतो.

तिसरा बदल एका क्लासच्या जाहिरातीमुळे झाला. रोजचं बजेट ५०० रुपये होतं आणि दुसऱ्या दिवशी ९३० खर्च झाले. नवी मुलगी घाबरली आणि तिने ऐन प्रवेशाच्या दिवसांत जाहिरात बंद केली. चूक तिची नव्हती. गूगल एखाद्या दिवशी सरासरी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं. महिन्याची मर्यादा मात्र ३०.४ पट, म्हणजे इथे १५,२०० रुपये. बजेट मध्येच बदललं तर हा हिशेबही बदलतो. यादीत ‘बजेट समजावलं’ यापुढे मीच खूण केली होती. तिला समजलं का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. आता तिथे गणित आहे: ५०० रुपये बजेट असेल तर एका दिवसात आणि महिन्यात जास्तीत जास्त किती? नव्या माणसाने ते कागदावर सोडवलं, तरच खूण होते.

शेवटचा रकाना सर्वांत उशिरा आला. एक सहकारी नोकरी सोडून गेला आणि दोन महिन्यांनी एका दवाखान्याच्या पेजवर त्याचा प्रवेश अजून चालू असल्याचं दिसलं. त्याने काही बिघडवलं नव्हतं; पण डॉक्टरांनी विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नसतं. आता प्रत्येक ओळीत ‘दिलं’च्या शेजारी ‘परत घेतलं’ असा रकाना आहे, आणि जाणाऱ्याच्या शेवटच्या दिवशी तीच यादी पुन्हा टेबलावर येते.