गुरुवारचं पाणी आणि पार्लरची वही

पुण्यात जलकेंद्रांच्या आणि वीजवाहिन्यांच्या देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. पालिकेच्या सूचनेत एक वाक्य ठरलेलं असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. अनेक पार्लरवाल्या गुरुवार सांभाळतात आणि शुक्रवारी सकाळी फसतात. अकराला हेअर कलर घेतलेला असतो आणि नळाला गढूळ, करंगळीएवढी धार येते. म्हणून बंद एक दिवसाचा असला, तरी वहीत तो दीड दिवसाचा धरावा.

फेशियलच्या मध्येच लाइट गेली, तर पंख्याविना थोडं उकडतं. थ्रेडिंगला दोरा आणि उजेड पुरतो. खरा धोका असतो तो केसांवर रसायन असताना. स्मूदनिंगचंच बघा. आधी केस धुवायचे, मग क्रीम लावायचं, ठरल्या वेळी ते धुऊन काढायचं, ड्रायरने वाळवून प्रेस करायचं, न्यूट्रलायझर लावायचं आणि शेवटी पुन्हा धुवायचं. लांब केसांना चार-पाच तास सहज जातात. क्रीमने केसांचे आतले बंध सुटतात आणि न्यूट्रलायझरने ते पुन्हा बसतात. क्रीम वेळेत धुतलं नाही, तर ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो. क्रीम धुतल्यावर वीज गेली आणि लवकर येण्याची चिन्हं नसतील, तर प्रेससाठी ताटकळत बसू नये. कंपनीच्या सूचना पाहून न्यूट्रलायझर लावावं. केस हवे तितके सरळ होणार नाहीत, पण वाचतील.

यातून एक नियम निघतो: शेवटच्या धुण्यापर्यंतचं पाणी भरून ठेवल्याशिवाय डोक्याला रसायन लावायचं नाही. नळाला धार आहे, म्हणजे पाणी आहे असं नाही. इमारतीचा पंप विजेवर चालतो. वीज गेली की गच्चीवरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी, आणि ते सगळ्या बिऱ्हाडांचं. एका धुण्याला किती पाणी लागतं, हे वीस लिटरच्या बादलीने एकदा मोजून घ्यावं. समजा, मगाने लांब केस धुवायला अठरा लिटर लागले. स्मूदनिंगची तीन धुणी म्हणजे चोपन्न लिटर, हात आणि भांडी धुण्यासह सत्तर. दोनशे लिटरच्या पिंपात अशी दोन कामं बसतात, तिसरं घेऊ नये. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल, तर शॅम्पूला फेस येत नाही आणि धुणं लांबतं. ते फरशी आणि टॉवेलसाठी वापरावं, नळाचं साठवलेलं पाणी केसांसाठी राखावं.

इन्व्हर्टरबद्दलही भाबडी आशा नको. बारा व्होल्टच्या दीडशे अँपिअर-अवर बॅटरीवर दोन पंखे आणि चार एलईडी ट्यूब चार-पाच तास चालतात. पंधराशे वॅटचा ड्रायर लावला, की लहान इन्व्हर्टर ट्रिप होतो. चार्जिंगचा ट्रिमर मात्र आदल्या रात्री भरून ठेवला, तर दिवस काढतो.

आता वही. समजा, गुरुवारी दोन स्मूदनिंग, एक कलर, तीन थ्रेडिंग आणि दोन फेशियल आहेत. सूचना मंगळवारी कळली, तर थ्रेडिंग आणि फेशियल जागेवर ठेवावीत, स्मूदनिंग आणि कलर शुक्रवार दुपारनंतर किंवा शनिवारी न्यावेत. निरोप नेमका असावा: "ताई, गुरुवारी आमच्याकडे पाणी नाही. शुक्रवारी तीन किंवा शनिवारी अकरा, कोणती वेळ ठेवू?" नुसतं "कधी जमेल?" विचारलं, की उत्तर राहून जातं आणि गिऱ्हाईकही जातं.

ही सूचना आपल्याला मिळते का, ते आधी पाहावं. गाळा भाड्याचा असेल, तर महावितरणकडे बहुधा मालकाचा नंबर नोंदलेला असतो आणि वीज बंदचा एसएमएस त्यालाच जातो. त्याच्याशी बोलून आपला नंबर नोंदवावा, किंवा तो लगेच आपल्याला कळवेल असं ठरवावं.

नवरीच्या कामाचा आगाऊ पैसा घेताना पावतीवरच लिहावं: पार्लर बंद राहिलं तर मेकअप घरी येऊन करू, तेही न जमल्यास पूर्ण रक्कम परत. दुसऱ्या एखाद्या पार्लरशी एकमेकींची कामं सांभाळण्याचं ठरवताना तिचा फीडर वेगळा आहे ना, हे विचारावं. शेजारच्याच गल्लीतली मैत्रीण त्याच अंधारात बसलेली असते.

अचानक बंद पुकारला गेला, तर या सोयीने एक-दोन दिवस निभावतात. 2020 साली मात्र मार्चमध्ये बंद झालेली सलून राज्यात 28 जूनला उघडली, तीही फक्त केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग आणि थ्रेडिंगसाठी. एवढा काळ लहान पार्लरची कुठलीच शिल्लक पुरत नाही. पंधरा दिवसांची मात्र बाजूला काढता येते. भाडं, मदतनीस मुलीचा पगार आणि हप्ता मिळून महिन्याला सव्वीस हजार जात असतील, तर ती तेरा हजार होते. दर आठवड्याला पाचशे रुपये वेगळ्या खात्यात टाकले, तर सहा महिन्यांत ती जमते. या महिन्यापासूनच ते खातं सुरू करा.