माइक विद्यार्थ्याच्या हाती, व्यासपीठावर सर

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे महाराष्ट्रात गावोगावी व्याख्यानमाला रुजल्या आणि प्रास्ताविक, परिचय, व्याख्यान, अध्यक्षीय समारोप, आभार हा क्रम आपल्या अंगवळणी पडला. त्यातला परिचय हा तीन मिनिटांचा मामला. पण वक्ते आपलेच शाळेतले सर असले, की भलेभले अडखळतात. काहीजण ‘सरांचा परिचय मी काय करून देणार, सूर्याला काजवा दाखवण्यासारखं ते’ असं म्हणून नमस्कार करतात आणि बसतात. काहीजण सरांमुळे आपण कुठवर पोचलो हे सांगायला लागतात. पहिल्या प्रकारात श्रोत्यांना काहीच कळत नाही आणि दुसऱ्या प्रकारात कळतो तो विद्यार्थी.

मला वाटतं, अडचण कृतज्ञतेची जागा चुकल्यामुळे होते. पाया पडायचं ते आत, चहाच्या खोलीत पडावं. व्यासपीठावर वाकलं, की सरांना हातातले कागद सांभाळत उठावं लागतं आणि श्रोत्यांना टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळत नाही. माइकपुढे उभं राहिल्यावर आपण श्रोत्यांच्या बाजूचे असतो. ‘या माणसाचं, या विषयावर, तासभर का ऐकायचं?’ एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं असतं. विद्यार्थी म्हणून आपल्याजवळ असं काहीतरी असतं जे छापील परिचयपत्रात नसतं. ते या उत्तराच्या कामी लावायचं.

उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी भूगोलाचे निवृत्त शिक्षक विहिरींच्या पाण्यावर बोलणार आहेत. परिचय करून देणारी त्यांची विद्यार्थिनी आज त्याच गावात डॉक्टर आहे. तिच्याजवळ आठवणी पुष्कळ आहेत: छडी, सायकल, मुलांनी ठेवलेलं टोपणनाव, फी भरायला सरांनी केलेली मदत. या सगळ्या बाजूला ठेवायच्या. टोपणनावानं हशा पिकेल, पण पुढचा तासभर सरांना तो हशा पुसत बोलावं लागेल. फीची गोष्ट सरांनी कुणाला सांगितली नसेल, तर ती जाहीर करण्याचा हक्क आपल्याला नाही. मग उरतं ते असं:

‘आम्ही आठवीत असताना सरांनी प्रत्येकाला एक गाठी मारलेली दोरी दिली होती. दोन गाठींत एक फूट अंतर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपापल्या विहिरीत दगड बांधून ती सोडायची आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं. पावसाळ्यात भराभर वर आलेलं पाणी उन्हाळ्याआधीच का उतरतं, हे आम्हाला आधी दोरीनं दाखवलं आणि मग सरांनी फळ्यावर समजावलं: आपल्या काळ्या खडकात पाणी साठायला जागाच थोडी. निवृत्तीनंतर सरांनी या नोंदी स्वतः चालू ठेवल्या. त्या नोंदी काय सांगतात, हे आज आपण ऐकणार आहोत.’

यात ‘थोर’, ‘ऋषितुल्य’ असा एकही शब्द नाही. ‘मी’सुद्धा नाही, ‘आम्ही’ आहे, कारण दोरी वर्गातल्या सगळ्यांनाच मिळाली होती. ‘मी सरांची विद्यार्थिनी’ हे सुरुवातीला एकदा सांगून टाकलं, की तिचं डॉक्टर असणं सांगायची गरजच उरत नाही. संबोधनाचा पेचही सुटतो. पूर्ण नाव सुरुवातीला आणि अगदी शेवटी घ्यायचं, मधे नुसतं ‘सर’. सवयीचा शब्द मुद्दाम टाळून ‘आदरणीय व्याख्याते महोदय’ म्हणायला लागलं, की आवाज आपोआप परका होतो.

हे सगळं आठवडाभर आधी फोनवर सरांना वाचून दाखवावं. तीन मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे पानभर मजकूर. सर चुका काढतीलच: ‘अगं, दोरी आठवीत नव्हे, नववीत.’ त्या मुकाट्यानं दुरुस्त करायच्या. आणखी एक प्रश्न तेव्हाच विचारून घ्यायचा: ‘सर, पन्नास मिनिटांनी चिठ्ठी पाठवली तर चालेल का?’ सरांना वेळेची आठवण करून देणं विद्यार्थ्याला सगळ्यात जड जातं. आधी ठरलेलं असलं, की ती चिठ्ठी सरांनीच मागितलेली असते. ती नेऊन द्यायचं काम मात्र दुसऱ्या कार्यकर्त्याकडे सोपवावं.

अध्यक्षपदही विद्यार्थ्याकडेच असेल तर जास्त जपावं लागतं, कारण आपल्या रिवाजात अध्यक्ष शेवटी बोलतात. म्हणजे सरांनंतर आपण. तिथे व्याख्यानाचा सारांश सांगायला गेलं, की नकळत सरांचा पेपर तपासल्यासारखं होतं. त्यापेक्षा ऐकताना खरोखर पडलेला एखादा प्रश्न सरांना विचारावा आणि माइक पुन्हा त्यांच्याकडे द्यावा.