भाग १४ : कावीळ झाली, पण कुठे?

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.

सुरुवात आमच्या काकांपासून. मागच्या पावसाळ्यात मी मालवणला घरून काम करत होतो. काका एकदम गळून गेले होते. जेवण नको, बाजारापर्यंत जाऊन आले तरी आडवे पडायचे. मग अंगाला खाज सुटली. एक दिवस काकी म्हणाली, "ह्येंचे डोळे पिवळे दिसतत." लघवी काळ्या चहासारखी होत होती. शेजारच्या आजींनी निदान करून टाकलं, "कावीळ आसा, माळ घाला, उतरतली." माळ घातली, तेल-तिखट बंद केलं, उसाचा रस सुरू केला. यात बारा दिवस गेले.

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण त्या बारा दिवसांत आमचं काय चुकलं हे मी नंतर डॉक्टरांना विचारून, वाचून समजून घेतलं. मूळ चूक एकच होती. कावीळ हा आजार आहे असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर ते लक्षण आहे, आणि त्यामागचा बिघाड तीन वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो.

पिवळेपणा येतो कुठून?

रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. मग ती मुख्यतः प्लीहेत मोडली जाते आणि तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. हे रोज, प्रत्येकाच्या शरीरात होतं. हे कच्चं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ते यकृतात जातं. यकृत त्याला एक साखरेसारखा रेणू जोडतं, मग ते विरघळतं आणि पित्तातून, पित्तनलिकेवाटे आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि त्यातूनच शौचाला तपकिरी रंग येतो.

आता बघा, हा रस्ता तीन ठिकाणी बिघडू शकतो. पेशी फार वेगाने मोडल्या तर कच्चा माल इतका येतो की यकृताला उरकत नाही. यकृतच सुजलं तर प्रक्रिया अडते. आणि यकृताचं काम नीट चालू असून पुढची नलिका तुंबली, तर तयार झालेलं बिलिरुबिन उलटं रक्तात येतं. डोळे तिन्ही वेळा सारखेच पिवळे दिसतात. रक्तातलं बिलिरुबिन साधारण १.२ पर्यंत सामान्य धरतात, आणि २ ते ३ च्या पुढे गेलं की डोळ्यांत दिसू लागतं.

लघवी आणि शौच काय सांगतात?

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. कच्चं बिलिरुबिन अल्ब्युमिनला चिकटलेलं असल्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाही. यकृतातून तयार होऊन आलेलं मात्र विरघळतं, म्हणून लघवीत उतरतं. म्हणजे लघवी बिलिरुबिनमुळे गडद झाली असेल, तर बिघाड यकृतात किंवा त्याच्या पुढे आहे.

रक्तपेशी मोडल्यामुळे झालेल्या काविळीत चेहरा फिका पडतो, धाप लागते, शौचाचा रंग नेहमीचा किंवा जास्तच गडद असतो, पण लघवीत बिलिरुबिन येत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. पेशी रक्तवाहिन्यांतच धडाधड फुटल्या तर हिमोग्लोबिन लघवीत येतं आणि ती कोलासारखी दिसते. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाला मलेरियासाठी प्रायमाक्वीन दिलं, तर असं होऊ शकतं.

नलिका तुंबली तर आतड्यात पित्तच पोचत नाही. म्हणून शौच फिकट, मातकट पांढरं होतं. लघवी गडद, शौच पांढरं आणि अंगाला खाज, हे त्रिकूट दिसलं की आधी नलिकेचा संशय घ्यायचा. काकांना हे तिन्ही होतं. शौचाचा रंग मात्र आम्ही कुणी विचारलाच नव्हता.

काकांचा रिपोर्ट

तेराव्या दिवशी काकांना थंडी वाजून ताप आला आणि आम्ही घाबरून त्यांना दवाखान्यात नेलं. एकूण बिलिरुबिन ८.६, त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृतातून तयार होऊन आलेलं, ६.९. एसजीपीटी ११०. अल्कलाइन फॉस्फटेज ५४०, जे साधारण १२० च्या आत असायला हवं.

हे आकडे वाचायचे कसे? एसजीपीटी यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडतं. हिपॅटायटीस ए किंवा ई च्या ऐन भरात ते बहुतेक हजाराच्या घरात जातं. इथे ते थोडंच वाढलेलं. अल्कलाइन फॉस्फटेज मात्र पित्ताची वाट अडली की चढतं. म्हणजे पेशी बऱ्यापैकी शाबूत, रस्ता बंद. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि मुख्य पित्तनलिका १२ मिलिमीटर फुगलेली दिसली. ती साधारण ६ पर्यंत असते. एक खडा खाली सरकून अडकला होता.

तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले होते, थंडीताप त्याचाच. अँटिबायोटिक सुरू करून काकांना गोव्याला नेलं. तिथे ईआरसीपी केली. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन नलिकेचं तोंड थोडं कापतात आणि खडा ओढून काढतात. आणखी दोन-तीन दिवस थांबलो असतो तर जंतू रक्तात पसरले असते, असं डॉक्टर म्हणाले. पुढे पित्ताशयही काढलं. काकांची लघवी आधी स्वच्छ झाली, डोळे मात्र बरेच दिवस पिवळट होते. काही बिलिरुबिन अल्ब्युमिनला पक्कं जोडलं जातं आणि ते अल्ब्युमिनबरोबरच हळूहळू जातं.

मग माळेने लोक बरे कसे होतात?

आपल्याकडे पावसाळ्यात येणारी बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून होणारी, हिपॅटायटीस ए किंवा ई ची असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत ई ची मोठी साथ आली होती. ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्याच काळात माळेतले देठ सुकून आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांब होते. श्रेय माळेला जातं. पण नलिकेतला खडा वाट बघून जात नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट. लावणीच्या दिवसांत शेतात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, लालसर डोळे आणि मग पिवळेपणा आला, तर लेप्टो असू शकतो. त्यात एसजीपीटी फार चढत नाही, पण मूत्रपिंडं बसू शकतात. लघवी कमी झाली तर विशेष जपा. तिथे एक दिवसही मोलाचा.

म्हणून डोळे पिवळे दिसले तर पहिल्या दोन दिवसांत एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि सीबीसी करून घ्या. शौच फिकट असेल तर सोनोग्राफीही. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, गुंगी, असंबद्ध बोलणं, रक्तस्राव यातलं काहीही असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. गरोदरपणात हिपॅटायटीस ई जिवावर बेततो. आणि वयस्कर माणसाला काहीच न दुखता कावीळ वाढत गेली, तर "दुखत नाही ना" म्हणून निवांत राहू नका. स्वादुपिंडाची गाठ अशीच नलिका दाबते.

काका आता बरे आहेत. माळ काकीने तुळशीत ठेवली आहे. आम्ही त्यावर वाद घालत नाही, पण आता घरात कुणाचे डोळे जरा पिवळे वाटले, की काकी पहिला प्रश्न शौचाच्या रंगाचा विचारते.

भेटू पुढच्या भागात.