इन्व्हर्टर एसीचे जादा पैसे कधी वसूल होतात?

दुकानातला हिशेब सोपा असतो. इन्व्हर्टर एसी पाच-सहा हजारांनी महाग आहे, पण वाचलेल्या विजेतून ते पैसे दोन वर्षांत सुटतात, असे विक्रेता सांगतो. तो खोटे बोलत नाही. फक्त त्याचे गणित वर्षाला 1600 तासांवर बेतलेले असते, आणि गिऱ्हाइकाच्या घरी एसी किती तास चालतो हे त्याने विचारलेले नसते.

हे 1600 तास येतात एसीवरच्या स्टार लेबलमधून. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या लेबलवर वर्षाची वीज युनिटमध्ये छापलेली असते. बाहेरचे तापमान 24 ते 43 अंशांच्या दरम्यान बदलत राहील आणि एसी वर्षभरात 1600 तास चालेल, असे धरून तो आकडा काढतात. म्हणून लेबलवरच्या युनिटांना 1600 ने भागले की एका तासाचा सरासरी खर्च मिळतो. पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा राहतो.

उदाहरणादाखल दीड टनाचे दोन एसी घेऊ. साध्या एसीच्या लेबलवर 1120 युनिट आहेत, इन्व्हर्टरच्या लेबलवर 880. फरक 240 युनिटांचा, म्हणजे तासाला 0.15 युनिट. युनिटचा दर 12 रुपये धरला तर तासाला 1 रुपया 80 पैसे वाचतात. किमतीतला फरक 6000 रुपये असेल, तर तो भरून यायला साधारण 3330 तास लागतील.

आता हे तास कोणाच्या घरी किती दिवसांत भरतात ते पाहू. पुण्यातले एक कुटुंब उन्हाळ्यातल्या 75 रात्री, रोज सहा तास एसी लावते. वर्षाचे 450 तास झाले. वसुलीला सात वर्षांहून जास्त काळ लागेल. ठाण्याच्या दमट हवेत दुसरे कुटुंब 180 रात्री, आठ-आठ तास एसी चालवते. त्यांचे 1440 तास होतात आणि पैसे सव्वादोन वर्षांच्या आसपास सुटतात. यंत्र तेच, किंमत तीच.

दराचा आकडा मात्र नीट निवडावा लागतो. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून काढलेली सरासरी इथे उपयोगाची नाही. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. एसीने वाचवलेले युनिट बिलाच्या वरच्या टोकाचे, म्हणजे सर्वांत महाग असतात. त्यामुळे त्या महिन्यात आपण ज्या टप्प्यात पोचतो त्याचा दर घ्यावा, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवावे. स्थिर आकार सोडून द्यावा, कारण एसी कोणताही असला तरी तो भरावाच लागतो.

तासांइतकेच महत्त्व ते तास कसे जातात यालाही आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालतो किंवा पूर्ण बंद होतो. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली थंड झाल्यावर वेग कमी करून हळूहळू चालत राहतो, आणि त्याची खरी बचत या मंद चालीत असते. बंद खोलीत रात्रभर चालणाऱ्या एसीला ती पुरेपूर मिळते. पण दुपारी घरी येऊन तासभरच एसी लावणाऱ्याकडे, किंवा तापलेल्या गच्चीखालच्या मोठ्या खोलीत छोटा एसी बसवलेल्या घरात, तो जवळजवळ सारा वेळ पूर्ण जोरानेच पळतो. तिथे तासाला 0.15 युनिटची बचत धरणे चुकीचे ठरते.

घरात आधीपासून एसी असेल तर अंदाजावर विसंबायची गरज नाही. सात-आठ रात्री एसी लावताना आणि सकाळी बंद करताना मीटरचे आकडे टिपावेत. एक रात्र एसीविना काढून फ्रिज-पंख्यांचे युनिट कळले की ते वजा करता येतात. कॉम्प्रेसरचे वॉट गुणिले तास असा हिशेब मात्र करू नये. साध्या एसीचा कॉम्प्रेसर आठ तासांत अनेकदा बंद असतो, त्यामुळे खर्चही फुगतो आणि बचतही.

एक खर्च लेबलवर कुठेच नसतो. इन्व्हर्टरचा वेग सांभाळणारा पीसीबी विजेच्या चढउतारांत जळू शकतो. हमीची मुदत संपल्यावर त्यासाठी 7000 रुपये मोजावे लागले असे धरले, तर ठाण्याच्या कुटुंबाची वसुली आणखी पावणेतीन वर्षे लांबते आणि पुण्याच्या कुटुंबाची साडेआठ वर्षांहून जास्त. म्हणून खरेदीच्या वेळी कॉम्प्रेसरच्या हमीबरोबर पीसीबीची हमी किती वर्षांची आहे हे वेगळे विचारावे.

पुण्याच्या कुटुंबाला पाच वर्षांत पैसे सुटायला हवे असतील, तर गणित उलटे मांडता येते. वर्षाचे 450 तास, तासाला 1 रुपया 80 पैसे, पाच वर्षे: एकूण 4050 रुपये. सणासुदीच्या सवलतीत दोन एसींच्या किमतींतला फरक याच्या आत आला, तर त्यांनी इन्व्हर्टर घ्यावा.