पाण्यातली पात मातीत कधी लावावी?

कांद्याची पात चिरून झाली की मुळांकडचा चार-पाच सेंटिमीटर पांढरा भाग आपण टाकून देतो. तो पेल्यात सेंटिमीटरभर पाण्यात उभा ठेवला, तर एक-दोन दिवसांतच मधून हिरवा कोंब वर येतो. खत नाही, माती नाही. मग ही वाढ कशाच्या जोरावर होते?

कांद्याचे खरे खोड म्हणजे मुळांच्या लगेच वर असलेली लहानशी चकती. पाने तिथून निघतात आणि बुडाकडून वाढतात. म्हणून शेंडा कापला तरी पात वाढत राहते. त्यासाठी लागणारी साखर आणि नत्र पांढऱ्या भागात साठवलेले असते. साध्या पाण्यातून नत्र जवळजवळ मिळत नाही. हिरवी पाने सूर्यप्रकाशात साखर बनवतात, पण नत्र बनवू शकत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या कापणीची पात बारीक निघते, तिसरी त्याहून फिकी. बाहेरचे जुने पान पिवळे आणि आतले कोवळे पान हिरवे दिसू लागले, की रोप जुन्या पानातले नत्र नव्या पानाकडे वळवत आहे असे समजावे. या स्थितीपर्यंत थांबू नये. नवी मुळे तीन-चार सेंटिमीटर झाली, की पहिल्या कापणीनंतर लगेच पांढरा भाग मातीत राहील असे लावावे. पाण्यात वाढलेली मुळे नाजूक असतात, म्हणून लागवड संध्याकाळी करून चार-पाच दिवस सावली द्यावी.

गवती चहाची बाजारात बहुधा नुसती पाने मिळतात. पानांना मुळे फुटत नाहीत. मुळे खोडाच्या पेरांतून निघतात. म्हणून बुडाशी जाड, टणक भाग असलेला ठोंबच घ्यावा, पाने आखूड कापावीत आणि बूड दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत मुळे बोटाच्या दोन पेरांएवढी झाली, की ठोंब मातीत लावावा.

सेलरी ही कोथिंबिरीच्या कुळातली. तिच्या गड्ड्याचा तळ बशीभर पाण्यात ठेवला, तर आठवड्याभरात मध्यभागी पाने फुटतात. मुळे मात्र उशिरा येतात आणि तोवर बाहेरचे देठ सडू लागतात. पाणी गढूळ झाले किंवा वास आला, तर बुळबुळीत देठ काढून टाकावेत. तळाला मुळे दिसताच मातीत लावावे. पूर्वीसारखे जाड देठ मिळतील अशी अपेक्षा नको, पाने मिळतात.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात सेलरीचा प्रयोग नोव्हेंबर ते जानेवारीतच करावा. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. थंडीतल्या या पिकाला ते सोसत नाही. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळे कुजतात. पाणी एक दिवसाआड बदलण्याचे कारण हेच.

वर्गात सारख्या जाडीच्या दहा पाती घ्याव्यात. पाच पाण्यात, पाच मातीत. दर आठ दिवसांनी पाने कापून वजन नोंदवावे. पहिल्या नोंदीत फारसा फरक नसेल. तो कितव्या कापणीला स्पष्ट झाला, हे मुलांनी शोधायचे. पांढऱ्या भागातला साठा किती पुरला, याचे उत्तर तिथे मिळेल.