पहिल्या बरणीसोबतचे चार शब्द

घरी लोणचं घालून विकणाऱ्या बायकांची इन्स्टाग्रामवरची पहिली पोस्ट बहुतेक वेळा अशी असते: ‘शुद्ध, घरगुती, चविष्ट कैरीचं लोणचं! एकदा खाल तर परत मागाल! स्टॉक मर्यादित! आजच ऑर्डर करा! किंमतीसाठी मेसेज करा.’ यातलं काही खोटं नसतं. लोणचं खरंच घरी केलेलं असतं, बरण्याही मोजक्याच असतात. पण हेच वाक्य लिंबाच्या, मिरचीच्या, कुणाच्याही लोणच्याखाली चालेल. तुमच्या लोणच्याबद्दल त्यात अवाक्षर नाही आणि घाई मात्र भरपूर आहे. म्हणून ते अंगावर आल्यासारखं वाटतं.

कॅप्शनमध्ये 2,200 अक्षरं मावतात, पण स्क्रोल करणाऱ्याला पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. बाकीचं वाचायला त्याला बोट लावावं लागतं. त्या ओळींत ‘नमस्कार, आम्ही नवीन व्यवसाय सुरू करत आहोत’ लिहिलं, तर तिथेच जागा संपते. फोटोत बरणी, तेलाचा तवंग, लाल रंग हे सगळं दिसतंच. फोटोत न दिसणारं एखादं खरं वैशिष्ट्य पहिल्या ओळीत यावं: कैरी कोणती, मोहरी किती चढते, गूळ आहे की नाही, फोड करकरीत आहे की मुरून मऊ झाली आहे.

समजा, डोंबिवलीतल्या एका घरी मे महिन्यात राजापुरी कैरीचं लोणचं घातलं आहे. त्याचं कॅप्शन असं होऊ शकेल:

‘यंदाच्या राजापुरी कैरीचं लोणचं घातलं. मोहरी जरा चढी आहे, पहिल्या घासाला नाकात जाते.

तिखट मध्यम, गूळ अजिबात नाही. 12 मेला घातलंय, त्यामुळे फोडी अजून करकरीत आहेत. मऊ फोड आवडत असेल तर तीनेक आठवडे थांबा. काढताना कोरडा चमचा घ्या आणि उरलेल्या फोडी तेलाखाली दाबून ठेवा.

पाव किलोची बरणी 160 रुपये. डोंबिवलीत घरून नेता येईल, बाहेरगावी कुरिअरचा खर्च वेगळा. हवं असेल तर मेसेज करा.

तुमच्याकडे कैरीच्या लोणच्यात गूळ घालतात का?’

‘मोहरी चढी आहे’ हे वाचून एखादा गिऱ्हाईक मागे फिरेल, आणि मला वाटतं त्याने फिरावंच. ज्याला गोडसर लोणचं आवडतं त्याने ही बरणी नेऊन नाराज होण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. ‘तीन आठवडे थांबा’ हे तर विक्रीच्या विरुद्धच वाटतं. पण लोणचं मुरण्याची वाट पाहायला सांगणारी बाई आपल्याला काहीतरी गळ्यात मारते आहे असं कुणालाच वाटत नाही. जवळीक येते ती अशा वाक्यांतून. ‘प्रेमाने बनवलेलं’ लिहून ती येत नाही.

चमच्याचं वाक्यही मुद्दाम आहे. ‘वर्षभर टिकेल’ असं वचन देऊ नये, कारण बरणी दुसऱ्याच्या घरी गेली की ओला चमचा घालायचा की नाही हे तुमच्या हातात राहत नाही. फोडी तेलाच्या वर उघड्या पडल्या किंवा पाण्याचा अंश आत गेला की बुरशी धरते. वचनाऐवजी काळजी कशी घ्यायची ते सांगितलं, तर गिऱ्हाइकाला उपयोग होतो. ‘पचनाला उत्तम’, ‘शंभर टक्के आरोग्यदायी’ हेही नको; लोणच्यात मीठ आणि तेल भरपूर असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

‘आजीच्या हातची चव’ मात्र पार टाकून द्यायची गरज नाही. पाककृती खरोखर आजीची असेल तर तिची एखादी खूण द्या: ती फोडी पंचावर रात्रभर पसरायची, किंवा फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीजवळ आणू द्यायची नाही. खूण नसेल तर आजीला मध्ये आणू नका.

किंमत लपवण्याची सवय मला सगळ्यात खटकते. संकोची माणूस किंमत विचारायला मेसेज करत नाही, पुढे निघून जातो. रुपये आणि वजन शेजारी शेजारी लिहावं. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून ऑर्डरचा मार्ग एकच आणि सोपा ठेवावा. आणि शेवटचा प्रश्न विचारलात, तर येणाऱ्या प्रत्येक उत्तराला उत्तर द्या. ते जमणार नसेल तर प्रश्नच काढून टाका.

विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी करून तिचा 14 आकडी क्रमांक बरणीच्या लेबलवर छापा.

पोस्ट टाकल्यावर दोन दिवस आलेले मेसेज वाचा. तेच दोनदा विचारलं गेलं, मग ते तिखटाबद्दल असो की पुण्याला पाठवण्याबद्दल, तर उत्तर कॅप्शनमध्ये राहून गेलं आहे असं समजा. पोस्ट न काढताही कॅप्शन दुरुस्त करता येतं. ती ओळ लगेच घालून टाका.