पहिल्या परिच्छेदाच्या पुढे

एका कादंबरीच्या पहिल्या पानाचा फोटो समोर येतो. त्यात एकच परिच्छेद असतो, तोही बहुधा अर्ध्या वाक्यावर कापलेला. कादंबरी वाचायची नाही आणि तिथून पुढे स्वतःची लघुकथा लिहायची. मात्र निवेदकाचा आवाज तोच हवा, गाव तेच हवं आणि काळही तोच. लेखनाच्या वर्गांत आणि वाचकांच्या गटांत हा सराव मला फार आवडतो, कारण यात कल्पनाशक्तीच्या आधी वाचन कामाला लागतं.

दुसऱ्याचं लेखन पुढे नेणं आपल्याकडे नवीन नाही. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाची 'कादंबरी' अपुरी राहिली, ती त्याच्या मुलाने पुरी केली. पण त्या मुलाच्या हाताशी वडिलांचा भलामोठा पूर्वार्ध होता. आपल्याकडे फक्त सात-आठ ओळी आहेत. त्या ओळींत किती ऐवज असतो, हे दाखवायला मी या लेखापुरता एक परिच्छेद रचला आहे. असं समजा की फोटोत हे दिसतंय:

"आगबोट दिसली की आधी बंदरावरचा कुत्रा उठायचा. मग हमाल उठायचे. मग भाऊआजोबा कोट चढवायचे. कोटाला तीनच बटणं उरली होती, चौथ्याच्या जागी आईने लावलेली पिन होती. त्यांचं कोणी येणार नव्हतं. तरी ते जायचे. आई म्हणायची, जाऊ देत, वारं लागतं अंगाला. मी त्यांची छत्री घेऊन मागून जायचे. त्या दिवशी मात्र होडीतून"

इथे फोटो संपतो.

पहिलं काम म्हणजे हा मजकूर हाताने वहीत उतरवून घेणं. फोटोत पान वाकलेलं असतं, शिवणीकडची अक्षरं सावलीत जातात आणि ध-घ, य-थ, भ-म एकमेकांसारखे दिसू लागतात. सगळ्यात आधी हरवतो तो अनुस्वार. वरच्या परिच्छेदात 'त्यांचं कोणी येणार नव्हतं' यातला 'त्यां'वरचा ठिपका गेला, तर आजोबांचा आदर जातो आणि वाक्य थेट कुत्र्याबद्दल बोलतंय असंही वाटू शकतं. शंका आली तर शेजारच्या क्रियापदाकडे बघायचं. 'ते जायचे' असं पुढे आहे, म्हणजे ठिपका होता. 'मागून जायचे' इथेही नीट थांबायला हवं. तिथे 'जायचो' असतं तर निवेदक मुलगा ठरला असता. 'जायचे' म्हटल्यामुळे आपल्याला कळतं की ही मुलगी आहे. सबंध परिच्छेदात तिच्याबद्दलची ही बातमी एवढ्या एका मात्रेत आहे. ती चुकली तर पुढची अख्खी कथा चुकीच्या माणसाच्या तोंडी जाते.

जुन्या पुस्तकाचं पान असेल तर 'मीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार दिसतील. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्यामुळे पुस्तक केव्हा छापलं असावं याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. पण छपाईचा काळ आणि गोष्टीतला काळ एकच असेल असं मात्र धरून चालू नये. आपल्या कथेत जुनं लेखन ठेवायचं की आजचं, हे सुरुवातीलाच ठरवावं आणि शेवटपर्यंत तेच पाळावं.

आता आवाज. नवे लेखक इथे शब्दांच्या मागे लागतात, जुने शब्द शोधून आणतात. माझ्या मते आवाज शब्दांपेक्षा निवेदकाच्या नजरेत असतो. ही मुलगी काय पाहते? कुत्रा, हमाल, कोट, बटणं, पिन. काय सांगत नाही? आजोबांना काय वाटतं, ते. तिला ते ठाऊकच नाही. आईने दिलेलं कारण ती जसंच्या तसं सांगते आणि ते खरं कारण नाही हे वाचकाला कळतं, तिला कदाचित कळत नाही. वाक्यं छोटी आहेत, उपमा एकही नाही. अशा परिच्छेदापुढे 'आजोबांच्या डोळ्यांत अथांग वेदना दाटून आली' असं वाक्य आलं की आवाज तुटतो. वाक्य वाईट आहे म्हणून नव्हे, ते या मुलीचं नाही म्हणून. तिने पिनेकडे पाहिलं असतं.

काळ आणि क्रियापदं यांचंही असंच. 'उठायचा', 'चढवायचे', 'जायचे' ही रोजची रीत झाली. 'त्या दिवशी मात्र' या शब्दांनी ती रीत मोडते आणि एकदाच घडलेली गोष्ट सुरू होते. म्हणजे आपण साध्या भूतकाळात यायला हवं, 'उतरली', 'म्हणाले' असं. अनेक जण पहिल्या परिच्छेदाच्या मोहात पडून आणखी दोन पानं 'जायचे, यायचे' करत राहतात आणि कथा बंदरावरच खोळंबते.

स्थळ ठरवताना परिच्छेदातल्या वस्तूंनाच प्रश्न विचारावेत. आगबोट आहे आणि होडीही आहे. कोकणच्या किनाऱ्यावर बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि होड्या उतारूंना किनाऱ्यावर आणायच्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद असे. मग छत्री कशाला? उन्हासाठी. इथेच पुष्कळ जण घसरतात. छत्री दिसली की पाऊस सुरू करतात, आणि पावसात तर बोटच येणार नाही. आपली कथा दिवाळीनंतरची किंवा उन्हाळ्यातली असायला हवी. शिमग्याला किंवा मे महिन्यात धरली तर मुंबईचे चाकरमानी आणि त्यांच्या ट्रंका आपोआप येतील. कोणी पैसे दिले तर ते आण्यांत द्यायचे की नव्या पैशांत, हेही ठरवावं लागेल. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. परिच्छेदात साल नाही, म्हणून मी पैशांचा उल्लेखच टाळीन. जिथे खात्री नाही तिथे ती वस्तू कथेत न आणणं हा चांगला उपाय आहे.

बोलीबद्दलही तोच उपाय. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त निवेदक शिक्षक आहे. तो प्रमाण मराठीत सांगतो आणि वाडीतली माणसं माणदेशी बोलतात. माडगूळकर त्याच मुलखातले होते, म्हणून ते त्यांना साधलं. आपल्याला मालवणी किंवा संगमेश्वरी बोली कानाने येत नसेल तर चार शब्द ऐकून संवाद लिहू नयेत. त्या भागातल्या वाचकाला पहिल्याच ओळीत खोट कळते. आपल्या परिच्छेदात आईचं वाक्य साध्या घरगुती मराठीत आहे, तेवढा आधार पुरेसा आहे.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात अवघड. परिच्छेद कादंबरीचा आहे आणि आपल्याला लघुकथा लिहायची आहे. कादंबरीची सुरुवात अनेक दारं उघडी ठेवते, कारण पुढे शेकडो पानं असतात. लघुकथेला त्यातलं एकच दार निवडावं लागतं. इथे तुटलेलं बटण आहे, आईचं कारण आहे, मुलीचं मागून जाणं आहे. माझं बोट 'त्यांचं कोणी येणार नव्हतं' या वाक्यावर थांबतं. यावर सर्वांना पहिल्यांदा सुचतं ते हरवलेल्या मुलाचं परत येणं. ते मी घेणार नाही. परिच्छेदाने कोणी येणार नाही असं सांगितलंय आणि त्याचा शब्द मोडून धक्का देणं सोपं आहे. त्यांचं कोणी येणार नसताना ते कोणाला घेऊन परतले, तर ते वाक्यही खरं राहतं आणि गोष्टही घडते. मी अशी सुरुवात करीन, अर्ध्या वाक्यापासूनच:

"त्या दिवशी मात्र होडीतून सगळ्यांच्या शेवटी एक बाई उतरली. कडेवर मूल आणि एक ट्रंक. कुत्रा तिच्याजवळ गेला, हुंगून परत आला. हमालाने विचारलं, कुणाकडे? तिने गावाचं नाव सांगितलं. ते गाव आमचं नव्हतं. हमाल दुसऱ्या ट्रंकेकडे गेला. भाऊआजोबांनी कोटाची पिन काढली, परत लावली. मग मला म्हणाले, छत्री दे. मी दिली. ती त्यांनी तिच्या डोक्यावर धरली."

यात कुत्रा, हमाल, आजोबा हा मूळचा क्रम मुद्दाम पाळला आहे. पहिल्या दोघांनी पाठ फिरवल्यावर तिसऱ्याची पाळी येते, म्हणून तो क्रम आता नुसती लय राहत नाही, तो प्रसंग घडवतो. बाई चुकीच्या बंदरावर उतरली, हे बोटीच्या प्रवासात पटण्यासारखं आहे, कारण बोट वाटेत अनेक बंदरं घेत जायची. छत्री हात बदलते, तेव्हा मुलीच्या हातातलं कामही जातं. पुढे घरी पोचल्यावर आई काय म्हणते यावर कथा संपवता येईल. आधी तिने एक कारण दिलं होतं, आता दुसरं द्यावं लागेल. मुलगी तेही जसंच्या तसं सांगेल. आजोबा रोज का जायचे, हे मी शेवटपर्यंत उघड करणार नाही, कारण सांगणारीला ते ठाऊक नाही.

कथा झाली की एक तपासणी जरूर करावी. मूळ परिच्छेद आणि आपला मधलाच एखादा परिच्छेद एखाद्याला सलग मोठ्याने वाचून दाखवावा आणि जोड कुठे आहे ते विचारावं. बहुतेक वेळा ऐकणारा नेमका तिथे बोट ठेवतो, जिथे आपण भावना समजावून सांगितलेली असते किंवा वाक्य एकदम लांबलेलं असतं. सुरुवातीची दहा-बारा वाक्यं जुळतात, कारण तेव्हा कान ताजा असतो. गडबड मध्यावर होते. तिथे आपला स्वतःचा आवाज परत येऊ लागतो. म्हणून दर दोन पानांनी वहीतला मूळ परिच्छेद पुन्हा वाचून मगच पुढे लिहावं.

या सरावाला मर्यादाही आहेत. एका परिच्छेदावरून लेखक कळत नाही. काही कादंबऱ्या पहिल्या प्रकरणानंतर निवेदकच बदलतात, म्हणून आपली कथा म्हणजे त्या कादंबरीचा अंदाज नव्हे. कथा संपल्यावर मात्र मूळ कादंबरी मिळवून जरूर वाचा. तेच दार लेखकाने कुठे उघडलं, की उघडलंच नाही, हे तेव्हा फार स्पष्ट दिसतं.

आणि परिच्छेद खऱ्या पुस्तकातला असेल तर एक जबाबदारी येते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनाचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. माडगूळकर २००१ साली गेले, त्यांच्या पुस्तकांना २०६१ अखेरपर्यंत संरक्षण आहे. वहीत आणि वर्गात हवं तेवढं लिहा. छापायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि मूळ कादंबरीचं व लेखकाचं नाव कथेच्या वरच द्या.